शुद्ध पश्मिना, फक्त १,७९९

‘शुद्ध काश्मिरी पश्मिना शाल. अंगठीतून आरपार जाते. साइज ४० बाय ८०. सहा रंग. गिफ्ट बॉक्स फ्री. आईसाठी, सासूबाईंसाठी, सरांसाठी दिवाळीची खास भेट. फक्त १,७९९. स्टॉक मर्यादित. एक्स्चेंज नाही. बुकिंगसाठी मेसेज करा.’

नवरात्र बसलं की असे मजकूर फोनवर यायला लागतात आणि संक्रांत होईपर्यंत थांबत नाहीत. वरचा मजकूर कुणा एका विक्रेत्याचा नाही. दरवर्षी फिरणाऱ्या अनेक पोस्टींमधली नेहमीची वाक्यं मी इथे एकत्र केली आहेत. थंडीच्या कपड्यांची ऑनलाइन विक्री कशी चालते आणि त्यात भेट घेणाऱ्याची फसगत नेमकी कुठे होते, हे समजायला एवढा मजकूर पुरतो.

तो पुन्हा वाचला की एक गोष्ट लक्षात येते. शाल जी पांघरणार आहे तिच्याशी यातलं एकही वाक्य बोलत नाही. सगळं बोलणं घेणाऱ्याशी, म्हणजे देणाऱ्याशी चाललं आहे. शाल उबदार किती, मानेला टोचते का, धुवायची कशी, वजन किती, यातलं काही नाही. रंग आहेत, खोकं आहे, नात्यांची यादी आहे आणि वजनदार नाव आहे. विक्रेत्याला ठाऊक असतं की देणारा ही शाल हातात घेईल तीसुद्धा बंद खोक्यातून, आणि जिला मिळेल ती कधी विचारणार नाही की हे खरंच पश्मिना आहे का. भेटवस्तूची तक्रार करणं आपल्याकडे कुणाला जमत नाही. त्यात महाराष्ट्रात शाल म्हटलं की श्रीफळ आणि सत्कार आठवतो. सत्काराची शाल अंगावर घालून फोटो निघाला की घडी घालून कपाटात जाते आणि पुढे दुसऱ्या कुणाच्या तरी सत्काराला निघते. शालीचं कापड पाहून ती घ्यायची असते, ही सवय आपल्यातल्या बऱ्याच जणांना लागलेलीच नाही. म्हणून या पोस्टी आपल्याकडे चटकन लागू पडतात.

आता त्यातल्या पहिल्या दोन शब्दांकडे येऊ.

पश्मिना ही लोकर मेंढीची नसते, बकरीची असते. लडाखच्या पूर्वेला चांगथांग नावाचं उंच, वाळवंटासारखं पठार आहे. तिथल्या थंडीत चांगथांगी बकरीच्या भरड केसांखाली अतिशय मऊ केसांचा एक थर येतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी तो आपोआप सुटायला लागतो, तेव्हा चांगपा पशुपालक बकरीला फणीनं विंचरून तो गोळा करतात. भरड केस निवडून आणि लोकर धुऊन झाल्यावर एका बकरीमागे कामाची लोकर शे-दीडशे ग्रॅमच्या आसपास उरते. तिचा तंतू १२ ते १६ मायक्रॉन जाडीचा असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि आपल्या डोक्याचा केस साधारण ६०-७० मायक्रॉन जाड असतो. तंतू ३० मायक्रॉनच्या पुढे गेला की त्याची टोकं कातडीला टोचू लागतात. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर भरड असते, म्हणून तिचं घोंगडं अंथरायला-पांघरायला उत्तम, पण मानेभोवती गुंडाळवत नाही. पश्मिन्याचा मऊपणा असा या तंतूच्या बारीकपणातून येतो.

ही लोकर श्रीनगरला येते. तिथल्या बायका तांदळाच्या पिठानं ती स्वच्छ करून यंदर नावाच्या चरख्यावर हातानं सूत काढतात. सूत इतकं नाजूक असतं की दिवसभर बसूनही काही ग्रॅमच कातून होतं. मग ते हातमागावर चढतं आणि शाल अगदी साधी, बिननक्षीची असली तरी विणकराचे कित्येक दिवस तीत जातात. त्यानंतर धुलाई, रंगाई, टोकं साफ करणं. हे सगळे हात धरले तर ‘१,७९९’ या आकड्याचा हिशेब सोपा होतो. ४० बाय ८० इंच म्हणजे साधारण एक मीटर बाय दोन मीटर. एवढी पश्मिना शाल सहसा २०० ग्रॅमच्या आगेमागे भरते. विंचरण्यापासून विणण्यापर्यंतची तूट धरली तर एका शालीला दोन-तीन बकऱ्यांची वर्षाची लोकर लागते, आणि त्यावर कातणारीचे आठवडे आणि विणणाऱ्याचे दिवस. पूर्ण आकाराची, हातानं कातलेली आणि विणलेली साधी शाल पाच आकडी किमतीच्या खाली सहसा येत नाही. सोझनीचं भरतकाम किंवा कानी विणकाम असलेल्या शालींचे भाव लाखांत जातात. तेव्हा १,७९९ ला ती मिळत असेल तर कुणाची तरी मजुरी बुडाली आहे किंवा शाल पश्मिना नाही. बहुतेक वेळा दुसरंच खरं असतं.

मग ती शाल असते कशाची? बहुधा व्हिस्कोसची, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या धाग्याची, किंवा ॲक्रिलिकची. कधी दोन्ही मिसळलेली असतात. अमृतसर आणि लुधियानाच्या यंत्रमागांवर अशा शाली प्रचंड प्रमाणात निघतात. त्यात वाईट काही नाही. व्हिस्कोसची शाल सुळसुळीत असते, तिच्यावर रंग सुंदर चढतो, लग्नात साडीवर ती शोभते. फक्त ती ऊब देत नाही. ॲक्रिलिक ऊब देतं, स्वस्त असतं, घरच्या मशीनमध्ये धुता येतं, कसर लागत नाही. त्याच्यावर लवकर गोळे धरतात आणि थंड, कोरड्या हवेत ते अंगाला चिकटून चटचट करतं. दोन्ही कापडं आपापल्या जागी योग्य आहेत, पाचशे-सातशेला प्रामाणिकपणे विकता येतात. बाजारात मात्र पश्मिना हे नाव कोणत्याही मऊ शालीला चिकटवायची पद्धत पडली आहे. ‘सेमी पश्मिना’, ‘पश्मिना फील’, ‘पश्मिना सिल्क’, ‘कॅशमिलॉन’ हे सगळे शब्द सारखेच सावधपणे वाचायचे. यातल्या एकाही शब्दावरून शालीत बकरीची लोकर किती, ते कळत नाही. चांगल्या अर्थानं वापरला तर ‘सेमी पश्मिना’ म्हणजे बारीक मेंढीच्या लोकरीची, बहुधा मेरिनोची शाल. पण तेवढ्या अर्थानं तो शब्द वापरणारे थोडे.

आता अंगठी. हा व्हिडिओ तर प्रत्येकानं पाहिलेला असतो: बोटातली अंगठी काढायची, शालीचं टोक तिच्यातून ओवायचं आणि झर्रकन शाल खेचून घ्यायची. पाहायला छानच वाटतं. सिद्ध मात्र एवढंच होतं की कापड पातळ आणि गुळगुळीत आहे. व्हिस्कोसची शाल अंगठीतून जाते, रेशमी ओढणीही जाते. उलट अस्सल पश्मिन्याची दाट विणीची, भरतकाम केलेली शाल अडकू शकते. जाळून दाखवणारे व्हिडिओही फिरतात. झालरीतला एक धागा काढून काडीनं पेटवला तर ॲक्रिलिक वितळतं आणि त्याची कडक काळी गोळी होते. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि बोटानं चुरगळली की राखेची पूड होते. व्हिस्कोस कागदासारखं जळतं आणि मऊ, राखाडी राख सोडतं. इथे बारकाईनं पाहा. लोकर आणि व्हिस्कोस दोन्हींची राख चुरते, फरक मुख्यतः वासाचा असतो, आणि वास व्हिडिओतून येत नाही. शिवाय धागा खरंच लोकरीचा निघाला तरी ती बकरीची की मेंढीची, हे जाळून कळत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तंतूची जाडी आणि त्यावरचे खवले पाहूनच ते सांगता येतं.

त्यासाठीच श्रीनगरला पश्मिन्याची तपासणी करणारं केंद्र आहे. ‘काश्मीर पश्मिना’ला २००८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात अट अशी की तंतू १६ मायक्रॉनपर्यंतचा असला पाहिजे, सूत हातानं कातलेलं आणि कापड हातमागावर विणलेलं असलं पाहिजे. तपासणीत उतरलेल्या शालीला क्रमांक असलेलं लेबल लावतात आणि त्या क्रमांकावरून शाल ताडून पाहता येते. यंत्रावर कातलेल्या सुताची शाल, लोकर अस्सल असली तरी, या लेबलला पात्र ठरत नाही. म्हणून महागड्या शालीच्या पोस्टला उत्तर देताना पहिला प्रश्न हाच: ‘भौगोलिक मानांकनाचं लेबल आहे का? त्याचा जवळून काढलेला फोटो पाठवा.’ दहा-पंधरा हजार घालवायचे असतील तर हा प्रश्न विचारायला संकोच कशाला? ज्याच्याकडे खरी शाल आहे त्याला याचा राग येत नाही. लेबल नसलेली प्रत्येक शाल खोटी असते असं नाही, कारण अनेक लहान कारागीर तपासणीपर्यंत पोहोचत नाहीत. पण तुम्ही कारागिराला ओळखत नसाल आणि शाल हातात घेऊन पाहिली नसेल, तर लेबलाशिवाय एवढा पैसा घालू नये, हे माझं स्पष्ट मत.

एखाद्या पोस्टीत ‘शाहतूश’ हा शब्द दिसला तर तिथेच थांबा. ती लोकर तिबेटी हरणाची, चिरूची असते. चिरूला विंचरून लोकर काढता येत नाही, त्याला मारावं लागतं, आणि एका शालीसाठी अनेक चिरू मारले जातात. हा प्राणी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि शाहतूशचा व्यापार हा गुन्हा आहे. आजीच्या पेटीतली जुनी शाल म्हणून कुणी ती विकत असेल तरी घेऊ नये.

पोस्टीतला फोटोही वाचायचा असतो. बहुतेक ठिकाणी व्यवहाराची साखळी अशी असते: कारखानदार, मग घाऊक व्यापारी, मग त्या व्यापाऱ्याचा मेसेजिंग ग्रुप, आणि त्या ग्रुपमधून फोटो उचलून आपल्या ओळखीच्या लोकांत टाकणारी एखादी विक्रेती. ऑर्डर आली की व्यापारी थेट ग्राहकाच्या पत्त्यावर माल पाठवतो. विक्रेतीच्या हाती शाल येतच नाही. अशी विक्री करणाऱ्यांत आपल्याच सोसायटीतल्या, घर सांभाळून चार पैसे मिळवणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. वरून जो मजकूर आला तो विश्वासानं पुढे पाठवण्यापलीकडे त्यांनी काही केलेलं नसतं. त्यांना चोर समजून बोलू नये. पण विचारावं जरूर: ‘ताई, ही शाल तुम्ही स्वतः पाहिली आहे का? दिवसाच्या उजेडात झालरीचा आणि आतल्या लेबलचा फोटो पाठवता?’ माल घरी असेल तर हा फोटो पाच मिनिटांत येतो. नसेल तर पुन्हा तोच चकचकीत फोटो येतो किंवा ‘वरून विचारून सांगते’ असं उत्तर येतं. फोन हातात आहेच, तर तो फोटो गूगल लेन्समध्ये टाकून पाहा. तीच शाल, तेच पायाखालचं लाकूड आणि तीच बाजूची फुलदाणी तीन ठिकाणी तीन भावांनी दिसली, तर विक्रेतीनं माल पाहिलेला नाही हे कळून जातं.

स्वेटरच्या पोस्टी शालीच्या मानानं सरळ असतात. त्यात फसतं ते मापात. ‘फ्री साइज’ स्वेटर नावाचा प्रकार भेट म्हणून घेऊ नये. एम, एल, एक्सएल या खुणाही कारखान्यागणिक बदलतात. ज्यांना द्यायचा त्यांचा एखादा अंगात बसणारा जुना स्वेटर सपाट जमिनीवर पसरून काखेपासून काखेपर्यंत इंचांत माप घ्या आणि विक्रेत्याकडून त्याच रीतीनं घेतलेलं माप मागा. दोन्ही आकडे जवळ आले की काम झालं. ‘वुलन’ या शब्दावर मात्र जाऊ नका. पोस्टींत तो उबदार एवढ्याच अर्थानं येतो आणि वुलन म्हणून विकलेले बहुतेक स्वस्त स्वेटर संपूर्ण ॲक्रिलिकचे असतात. काखेतल्या किंवा मानेतल्या शिवणीत धाग्याचं प्रमाण लिहिलेली पट्टी असते, तिचा फोटो हाच पुरावा. खरं सांगायचं तर स्वेटरसाठी मला अजूनही हिवाळ्यात आपल्या शहरांत दुकानं थाटणाऱ्या तिबेटी विक्रेत्यांचा बाजार जास्त भरवशाचा वाटतो. तिथला माल बहुतेक लुधियानाचाच असतो, पण हात लावून पाहता येतो, अंगाला लावून पाहता येतो आणि माप चुकलं तर दुसऱ्या दिवशी जाऊन बदलता येतं.

भेट कुणाला आणि कुठे जाणार, हा विचार पोस्ट पाहण्याआधी व्हायला हवा. मुंबईत, पणजीत किंवा रत्नागिरीत राहणाऱ्या आईला जाड लोकरी शाल दिली तर ती वर्षातून दोनदा बाहेर निघेल. तिला पहाटेच्या गाडीसाठी किंवा एसीसाठी बारीक लोकरीची हलकी स्टोल हवी. निफाडकडे थंडीत पारा दहाच्या खूप खाली जातो, तिथल्या काकांना जाड शालच लागते. ज्यांचं कातडं वयामुळे पातळ, कोरडं झालं आहे, त्यांना भरड लोकर टोचते आणि ते बिचारे काही बोलत नाहीत, नुसती शाल वापरत नाहीत. त्यांच्यासाठी मेरिनो बरी. कमरेनं किंवा हातांनी अधू असलेल्या आजींना हातानंच धुवायची शाल देऊ नये, धुण्याचं काम त्यांच्याच गळ्यात पडतं. अशा घरी चांगलं, जाड विणीचं ॲक्रिलिक अधिक सोयीचं, आणि ते देण्यात कमीपणा काही नाही.

दोन हजारांच्या आत लोकरीचीच शाल हवी असेल तर पश्मिन्याचा नाद सोडावा. या पैशांत मेंढीच्या लोकरीची खरी, नीट विणलेली शाल मिळते. हिमाचलातल्या कुल्लूच्या शाली त्यात आल्या. त्यांनाही भौगोलिक मानांकन आहे. कडेच्या रंगीत पट्ट्यांवरून त्या ओळखू येतात, आणि कुल्लूच्या खऱ्या शालीसोबत हातमागाची किंवा लोकरीची खूण असते का, ते विचारता येतं. अशी शाल दहा-पंधरा वर्षं सहज जाते.

चांगल्या विक्रेत्याची पोस्ट कशी असते, तेही पाहून ठेवावं. मी असा मजकूर असलेल्या पोस्टीला पैसे पाठवीन: ‘कुल्लू हातमाग शाल. १०० टक्के मेंढीची लोकर. एक बाय दोन मीटर, वजन साधारण ३५० ग्रॅम. थोडी भरड आहे, मानेला हुळहुळू शकते. थंड पाण्यात हातानं धुवावी, उन्हात वाळवू नये. फोटो घरी काढलेला आहे, रंग किंचित गडद दिसतो. न आवडल्यास सात दिवसांत परत घेऊ, परतीचा कुरियरखर्च तुमचा.’ या मजकुरात एकही विशेषण नाही. मालात काय उणं आहे तेही त्यानं स्वतःहून सांगितलं आहे.

आता उरलं ते ‘एक्स्चेंज नाही’. एक बाब फार थोड्यांना माहीत असते. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे, जाहिरातीत सांगितले ते गुण वस्तूत नसतील तर विक्रेत्याला माल परत घ्यायला नकार देता येत नाही. घरची एखादी वस्तू कधीमधी विकणाऱ्याला हे नियम लागू नाहीत, पण जो नियमित धंदा करतो त्याला ते लागू होतात. म्हणजे ‘शुद्ध पश्मिना’ लिहून व्हिस्कोस पाठवलं तर ‘एक्स्चेंज नाही’ या ओळीला आधार राहत नाही. तक्रारीला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यासाठी हातात पुरावा मात्र हवा: पोस्टीचा स्क्रीनशॉट, पैसे भरल्याची नोंद आणि पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ.

भेटवस्तूच्या बाबतीत इथे एक जास्तीची अडचण येते. शाल थेट आत्याच्या पत्त्यावर गेली तर ती भाऊबीजेला उघडणार, तोवर परतीची मुदत संपलेली असणार. म्हणून ऑर्डर दोन आठवडे आधी करावी आणि पार्सल आपल्याकडेच मागवावं. आल्यावर शाल खोक्यातून काढून खिडकीपाशी पूर्ण उलगडा, आतली पट्टी वाचा, भोकं आणि सुटलेले धागे पाहा. मग स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ती ठेवा. पश्मिना म्हणून पाठवलेली एक बाय दोन मीटरची शाल ४०० ग्रॅमच्या वर भरली तर त्याच दिवशी विक्रेत्याला लिहा. झालरीतला एक धागा ओढून सिंकवर चिमट्यानं धरून जाळा, त्यानं शालीचं काही बिघडत नाही. केसाचा वास आला तर निदान लोकर आहे एवढं नक्की. कागदाचा वास आला किंवा गोळी झाली तर त्याच वेळी फोटो काढून परत पाठवण्याचा मेसेज करा.

शाल ठीक निघाली की खोक्यात एक चिठ्ठी ठेवा: कापड कशाचं आहे, धुवायचं कसं, आणि लोकरीचं असेल तर पावसाळ्याआधी ऊन दाखवून कडुनिंबाच्या पाल्यासोबत घडी करून ठेवायचं, नाहीतर कसर लागते. बिल स्वतःकडे ठेवा.